मदत हवी आहे: वेग पाऊणपट केला तर २० मिनिटं उशीर, मग ८० का चुकतं?

स्वप्नाली_क
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाची परीक्षा जवळ आलीय आणि नेहमीचा वेग, नेहमीचा वेळ या प्रकारात तो अडकून बसलाय. गणित असं आहे: एक माणूस नेहमीच्या वेगाच्या ३/४ वेगाने चालला तर कामावर २० मिनिटं उशिरा पोचतो, तर त्याला नेहमी किती वेळ लागतो? भावाचं म्हणणं की वेग पाव भागाने कमी झाला म्हणजे वेळ पाव भागाने वाढला, पाव म्हणजे २० तर अख्खा वेळ ८०. उत्तर आहे ६०. सूत्रात घातलं की ६० येतंच, पण तो विचारतोय ८० मध्ये नेमकं चुकलं काय आणि मला ते धड सांगता येत नाहीये.

अजून एक आहे. गाडी निघाल्यावर १ तासाने बिघाड होतो, पुढे ती ३/४ वेगाने जाते आणि ४० मिनिटं उशिरा पोचते. तोच बिघाड ३० किमी पुढे झाला असता तर ३० मिनिटंच उशीर झाला असता. एकूण अंतर किती? इथे सूत्र कुठे लावायचं तेच कळत नाही.

रानवाट
ताई एवढं डोकं लावायचं नाही, उशिराची मिनिटं गुणिले वरचा आकडा. ३/४ आहे ना, २० गुणिले ३, झाले ६०. ४/५ असेल आणि १० मिनिटं उशीर असेल तर ४०. परीक्षेत पाच सेकंदात होतं, मी कायम असंच करतो.

जुनी_पाटी
रानवाट, ३/४ आणि ४/५ ला तुमचं बरोबर येतं कारण वरच्या खालच्या आकड्यात फरक १ चा आहे. ३/५ घेऊन बघा, उशीर २०च. तुमच्या रीतीने ६० येईल, पण ६० मिनिटांची वाट ३/५ वेगाने चालायला १०० मिनिटं लागतात, म्हणजे उशीर ४० चा झाला. खरं उत्तर ३० आहे.

स्वप्नाली, भावाला सांग की तुझा पाव बरोबर आहे, फक्त तो पाव वेळेचा नाही, रस्त्याचा आहे. नेहमीची पोचायची वेळ झाली त्या क्षणी हा माणूस कुठे असेल ते बघा. वेग पाऊण, म्हणून पाऊण रस्ता संपलाय आणि पाव रस्ता अजून पुढे आहे. उशिराची २० मिनिटं म्हणजे तो उरलेला पाव रस्ता चालायला लागलेली मिनिटं, आणि तोही तो हळूच चालतोय, तिथे काही वेग वाढवत नाही. पाव रस्त्याला हळू चालून २० तर अख्ख्या रस्त्याला हळू चालून ८०. म्हणजे ८० हा आकडा खोटा नाहीच, तो त्या उशिराच्या दिवशी लागलेला वेळ आहे. त्यातून २० वजा केले की नेहमीचे ६०.

पडताळा पण घ्यायला लाव. नेहमीचा वेळ ८० धरला तर पाऊण वेगाने १०६ मिनिटं ४० सेकंद लागतील आणि उशीर २६ मिनिटं ४० सेकंदांचा येईल, २० चा नाही. उत्तर परत गणितात घालून उशीर जुळतो का एवढंच बघायचं, चूक लगेच पकडली जाते.

स्वप्नाली_क
८० हा त्या दिवशीचा वेळ!! हे वाचून दाखवलं तर तो एकदम उठून बसला, त्याने स्वतःच ३/५ चं करून दाखवलं: २/५ रस्ता उरला, त्याला २० मिनिटं, तर सगळ्याला ५०, वजा २०, नेहमीचे ३०. खूप खूप आभार. वेग वाढला तर पण असंच चालेल का?

मधुमालती
माझाही असाच प्रश्न आहे हो. मी रोज घरून १० मिनिटं उशिरा निघते, मग गाडी नेहमीच्या सव्वापट वेगाने हाणते तरी ४ मिनिटं उशीर होतोच. ४ मिनिटं म्हणजे पाव रस्ता धरला तर सगळा रस्ता १६ मिनिटांचा येतो, पण मला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. काय चुकतंय? वेग अजून किती वाढवू?

जुनी_पाटी
मधुमालती, तुमचे ४ मिनिटं हा वेगाचा परिणाम नाही, त्यात उशिरा निघाल्याचे १० मिसळलेत. ते आधी वेगळे काढा. १० उशिरा निघून ४ च उशीर झाला म्हणजे वेगाने ६ मिनिटं वाचवली. आता स्वप्नालीच्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे: सव्वापट वेगाने नेहमीचा पूर्ण वेळ गाडी चालवली असती तर रस्त्यापेक्षा पाव रस्ता जास्त झाला असता. तो जादा पाव रस्ता म्हणजेच वाचलेली ६ मिनिटं. मग अख्खा रस्ता जोरात २४ मिनिटांचा, आणि इथे वजा नाही, मिळवायचे, नेहमीचे ३०. पडताळा: १० अधिक २४ म्हणजे ३४, चार मिनिटं उशीर, जुळलं. पूर्ण १० मिनिटं भरून काढायची तर ३० ची वाट २० मिनिटांत, म्हणजे दीडपट वेग. रस्त्यावर ते करू नका, त्यापेक्षा लवकर निघा.

आता बिघाडाचं. पहिल्या तासात वेग नेहमीचाच होता, तिथे उशीर झालाच नाही, तेव्हा तो तास बाजूला ठेवायचा आणि फक्त बिघाडानंतरचा रस्ता धरायचा. ४० मिनिटं म्हणजे त्या रस्त्याचा पाव भाग हळू, तर तो सगळा हळू १६० मिनिटांचा आणि नेहमी १२० चा. बिघाड ३० किमी पुढे ढकलला तर ३० मिनिटं उशीर, म्हणजे उरलेला रस्ता हळू १२० आणि नेहमी ९० चा. १२० आणि ९० मधला फरक ३० मिनिटं, तो त्या ३० किमीचा. नेहमीचा वेग ताशी ६०. आधीचा एक तास अधिक पुढचे दोन, ३ तास, १८० किमी. इथे बरेच जण ४० मिनिटं पूर्ण प्रवासाला लावतात आणि सगळा प्रवासच २ तासांचा धरून १२० किमी लिहून मोकळे होतात.

रानवाट
३/५ चं मान्य, यापुढे बघून वापरेन. पण माझ्या सराव संचात याच गणितात बिघाडानंतर गाडी काही वेळ उभी राहते असं आहे, किती वेळ ते दिलेलंच नाही, आणि उत्तर तरी १८० दिलंय. ते कसं?

जुनी_पाटी
उभी राहिलेली मिनिटं दोन्ही वेळा सारखीच असतील तर दोन उशिरांची वजाबाकी करताना ती निघून जातात. ४० आणि ३० मधला फरक १०, म्हणजे ३० किमीला हळू जाताना १० मिनिटं जादा लागली, हळू ४०, नेहमी ३०, वेग ताशी ६०. वेग मिळतो. पण पुढचा रस्ता किती ते कळायला ४० मधली किती मिनिटं उभं राहण्यात गेली हे माहीत हवं. १० मिनिटं उभी असेल तर वेगाचा उशीर ३० चाच, पुढचा रस्ता ९० किमी आणि एकूण १५०. त्या संचात आधी कुठेतरी थांब्याची वेळ दिली असेल, पूर्ण मजकूर टाका.

रानवाट
पूर्ण मजकूर एवढाच आहे, दोनदा वाचला. ३० किमी पुढे बिघाड झाला असता तर गाडी उभी राहिली नसती असा अर्थ घ्यायचा का मग?

स्वप्नाली_क
भाऊ म्हणतोय तसं धरलं तर १८० येतच नाही. तो कागद घेऊन बसलाय, त्याचं झालं की इथे टाकते.