तीन मिनिटांत कासवांची घरटी

> ‘माझा निष्कर्ष : कासवांची अंडी जपतात त्या हॅचरीत सावली केलेल्या घरट्यांची वाळू उघड्या घरट्यांपेक्षा थंड राहिली. वेळासला गावकऱ्यांसमोर तीन मिनिटं बोलायचंय. सोपं करायला गेलं की मुद्दाच हरवतो.’

तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्द बसतात. त्यामुळे सेन्सरची जुळणी, वाळूचे थर हे सगळं सरळ गाळा. पहिल्या अर्ध्या मिनिटात एवढंच सांगा : कासवाचं पिल्लू नर की मादी हे अंड्यात असताना वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू तापली की माद्या वाढतात. हे कळल्याशिवाय तुमच्या थंड वाळूचं महत्त्व कुणालाच कळणार नाही. लगेच निष्कर्ष सांगा, शेवटासाठी राखून ठेवू नका.

खरा धोका पुढे आहे. सोपं करताना ‘सावलीमुळे नर वाढले’ असं तोंडून निघतं. तुम्ही तापमान मोजलंय, पिल्लांचं लिंग नाही, आणि ते पिल्लाकडे नुसतं बघून कळतही नाही. ‘नर वाढले का, हे अजून तपासायचंय’ हे वाक्य काहीही झालं तरी कापू नका.

आदल्या दिवशी घरातल्या कुणाला तरी ऐकवा आणि तासाभराने विचारा, काय कळलं? ‘कासवं वाचवायला हवीत’ एवढंच उत्तर आलं तर निष्कर्ष पोचलेला नाही. ‘सावलीत वाळू थंड राहते, पण नर वाढतात का ते ठाऊक नाही’ असं आलं तर भाषणाला आता हात लावू नका.