उत्तर: लोबानोव्ह वापरूनही स्वर का सरकतात?

> "लोबानोव्हने सामान्यीकरण केलं, तरी एका पुरुषाचे सगळे स्वर आलेखात वर सरकलेत. असं का?"

आधी त्याचे नमुने मोजा, 'आ' फार जास्त असणार. लोबानोव्ह ही पद्धत वेगवेगळ्या वक्त्यांचे स्वर एका मापावर आणण्यासाठी प्रत्येक वक्त्याची स्वतःची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागते. समजा, पुरुषाच्या F1 ची, म्हणजे स्वराच्या पहिल्या अनुनाद-वारंवारतेची, सरासरी ४७०, विचलन १६०, तर त्याचा ७१० हर्ट्झचा 'आ' १.५ वर येतो. बाईची सरासरी ५६०, विचलन २००, 'आ' ८६०; तोही १.५. छान जुळलं. पण 'आ'च्या गर्दीने पुरुषाची सरासरी ६०० झाली, तर विचलन तेवढंच धरूनही तोच 'आ' ०.७ वर येतो; स्वरांच्या आलेखात F1 ची कमी किंमत वर असते, म्हणून तो वर सरकतो, आणि बाकीचे स्वरही त्याच दिशेने सरकतात. म्हणून आधी प्रत्येक स्वराची वेगळी सरासरी काढा, मग त्या सरासऱ्यांचीच सरासरी आणि विचलन घ्या. दोघांचे स्वर मात्र तेच हवेत. एकाचा 'ऊ' नसेल, तर दुसऱ्याचाही या हिशेबातून वगळा.