मदत हवी आहे: कस्तीची प्रार्थना

नमस्कार मंडळी, मिस्टर पारशी आहेत आणि आमच्या लेकाची नवजोत म्हणजे पारशी धर्मदीक्षा गेल्या महिन्यात झाली, आता रोज सकाळी हातपाय-तोंड धुऊन सदऱ्यावर कमरेला बांधलेला पवित्र दोरा म्हणजे कस्ती सोडताना तो ‘केम ना मज्दा’ म्हणतो, म्हणजे संकटात माझं रक्षण कोण करणार, तेवढं समजलंय. पुढे परत बांधताना ‘होर्मज्द खोदाय’ या प्रार्थनेत दुष्ट शक्ती अहेरमनचं नाव आलं की कस्तीची टोकं झटकायची, वाईटाला हाकलायचं म्हणून. मग कमरेला तीन वेढे, पुढे-मागे गाठी. पण गाठी मारताना ‘यथा अहू वइर्यो’ नेमकं कुठल्या गाठीला आणि ‘अशेम वोहू’ कुठल्या? आणि जेवणाआधी, टॉयलेटनंतरही पूर्णच करायची का? कोणी पारशी असेल तर प्लीज सविस्तर सांगा ना, त्याला चुकीचं शिकवायचं नाहीये मला.