मदत हवी आहे: लेऑफ लेटरमधला नोटीस पे आणि सेव्हरन्स वेगवेगळे की एकच?

कोरा_कागद:
३ जूनला लेऑफचं पत्र हातात पडलं. सोबत रिलीज ॲग्रीमेंट आहे, त्यावर १४ जूनच्या आत सही हवी म्हणतात. गोंधळ या तीन वाक्यांचा आहे:

"आपला लास्ट वर्किंग डे १० जून राहील."
"उर्वरित नोटीस कालावधीचा पगार देण्यात येईल."
"सेव्हरन्स म्हणून दोन महिन्यांचा पगार, नोटीस पे धरून, फुल अँड फायनलसोबत देण्यात येईल."

करारात नोटीस ६० दिवसांची आहे. मग नोटीसचे पैसे अधिक दोन महिने, की सगळं मिळून दोनच? मीटिंगमध्ये एचआर तर "दोन महिने एक्स्ट्रा" म्हणाला होता. शिवाय १ जुलैला माझे थोडे शेअर व्हेस्ट होणार होते. ते गेले का?

घाटवाट:
सगळं मिळून दोनच. ६० दिवस म्हणजेच दोन महिने, त्यालाच सेव्हरन्स म्हणतात. आमच्याकडेही हेच झालं. सही करून मोकळी हो.

पानगळ:
मी नोटीस पूर्ण न करता सोडलं तेव्हा उलट माझ्याच पगारातून पैसे कापले होते. तुलाच काही भरावं लागणार नाही ना, ते आधी बघ.

कोरा_कागद:
@पानगळ, राजीनामा नाही दिला हो. त्यांनी काढलंय.

जुना_हिशेबनीस:
बरीच वर्षं पेरोलमध्ये काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घाटवाट म्हणतात तसं 'नोटीस पे धरून' लिहिलं असेल तर एकूण दोनच महिने, हे बरोबर. पण दोन्ही एकच नव्हेत. नोटीस पे करारातलं देणं आहे, सेव्हरन्स त्यावरचं. हिशेब करून बघा. महिन्याचा ग्रॉस १०० धरू. नोटीस ४ जूनपासून मोजली तर साठावा दिवस २ ऑगस्टला येतो. १० तारखेपर्यंतच्या सात दिवसांचा पगार नेहमीसारखा मिळेल. उरले ५३ दिवस. महिना ३० दिवसांचा धरला तर नोटीस पे १७७ च्या आसपास. 'धरून' असेल तर २०० मधून हे १७७ वजा, म्हणजे सेव्हरन्सच्या नावाने तुम्हाला मिळतात जेमतेम २३. वेगळे असतील तर हातात ३७७, कर कापायच्या आधी.

खरी मेख इथे आहे. नोटीस पे तुम्ही सही केली नाही तरी करारानुसार देणं लागतं. म्हणजे ज्या कागदावर तुम्ही सगळे हक्क सोडून देताय, त्याचा मोबदला हे २३. नोटीस पेसुद्धा सहीवर अवलंबून ठेवलाय का, हे ॲग्रीमेंटमध्ये बारकाईने वाचा.

दुसरं, 'पगार' म्हणजे ग्रॉस की बेसिक? बेसिक ४० असेल आणि त्यांनी तोच धरला, तर दोन महिन्यांचे होतात ८०. ग्रॉसवरच्या नोटीस पेच्या निम्मेसुद्धा नाहीत. करारात नोटीस पे कशावर मोजायचा लिहिलंय ते आधी शोधा.

शेअरचं उत्तर लास्ट वर्किंग डेवरून मिळणार नाही. नोकरी संपल्याची तारीख कोणती, ते विचारा. नोटीसचे पैसे एकरकमी देऊन नोकरी १० जूनलाच संपवली असेल, तर १ जुलैला तुम्ही कर्मचारीच नसाल. पण नुसतं घरी बसवलं असेल आणि नोकरी २ ऑगस्टपर्यंत चालू असेल, तर व्हेस्टिंग साधारणपणे होतं, विमाही बहुधा तोवर चालतो. फक्त तोवर दुसरीकडे रुजू होता येत नाही.

घाटवाट:
मग कायद्याने काहीच मिळत नाही का?

जुना_हिशेबनीस:
किमान भरपाई ठरलेली असू शकते, पण ती प्रत्येक पदाला लागू होईलच असं नाही. ते कामगार वकिलाला विचारावं. मी फक्त बेरीज-वजाबाकीवाला.

कोरा_कागद:
मेलवर तीन प्रश्न पाठवले होते. उत्तर आलं. नोकरी १० जूनलाच संपते, नोटीस पे एकरकमी. 'दोन महिने एक्स्ट्रा' बद्दल "पत्रातला मजकूर ग्राह्य", एवढंच. ग्रॉस की बेसिक, ते "फायनान्स टीम कळवेल". सहीची मुदत मात्र २१ जून करून दिली.

पानगळ:
म्हणजे शेअर गेलेच.

जुना_हिशेबनीस:
प्लॅनचा कागद वाचल्याशिवाय तसं म्हणू नका. एकरकमी दिलेला नोटीस काळ व्हेस्टिंगसाठी धरायचा की नाही, हे बहुतेक प्लॅनमध्ये वेगळं लिहिलेलं असतं. बऱ्याचदा 'धरायचा नाही' असंच असतं. पण एचआरने केवळ आपल्या अंगवळणी पडलंय म्हणून नाही म्हटलेलंही मी पाहिलंय. आणि फायनान्सचा आकडा रुपया-पैशात, नोटीस पे आणि सेव्हरन्स अशा दोन वेगळ्या ओळींत लेखी येईपर्यंत सही करू नका.

कोरा_कागद:
प्लॅनचा कागद कंपनीच्या पोर्टलवर आहे आणि माझं लॉगिन १० तारखेपर्यंतच चालणार. आज रात्रीच उतरवून घेते.