मदत हवी आहे: ऑक्सिजन ९८, ईपीओ नॉर्मल, तरी आईचं हिमोग्लोबिन ८.२ का?

आईला किडनीचा जुना आजार आहे, क्रिएटिनिन ३.६. पूर्वी १२.८ असलेलं हिमोग्लोबिन आता ८.२ वर आलंय. लोह, बी१२ व्यवस्थित आहे. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की किडनी एरिथ्रोपोएटिन सोडते आणि ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावतं; यांची किडनी ते पुरेसं सोडत नाही, म्हणून इंजेक्शन सुरू करू.

पण तपासणीत हे एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ, १४ आलंय आणि लॅबची मर्यादा ४ ते २६ आहे. ऑक्सिमीटरवरही ९८ दिसतं. मग नक्की कमी काय आहे? उपचारांबद्दल शंका नाही, फक्त हे गणित समजत नाहीये.

कोरडापाषाण: ऑक्सिमीटरवर विसंबू नका. नेलपॉलिश असेल, बोटं गार असतील तर काहीही आकडा दाखवतो. दुसऱ्या बोटावर लावून बघा.

धागाकर्ती: अहो, ऑक्सिमीटर बरोबरच आहे, दवाखान्यातही ९८च होतं. प्रश्न वेगळा आहे.

सदाशिवराव: ईपीओचं उगाच स्तोम माजवलंय. किडनी बिघडली की रक्तात घाण साठते, तिने अस्थिमज्जा दबते आणि तांबड्या पेशी लवकर मरतात. डायलिसिसने रक्त साफ झालं की हिमोग्लोबिन आपोआप वर येईल.

निमवैद्य: सदाशिवराव, पेशी लवकर मरतात हे खरं, पण निरोगी अस्थिमज्जा तेवढी तूट भरून काढते. मुख्य कारण ते नाही. नियमित डायलिसिसवर असलेल्या बहुतेकांना ईपीओ द्यावंच लागतं.

ताई, ९८ म्हणजे जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं ९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे. हिमोग्लोबिन किती आहे हे तो आकडा सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. म्हणजे १२.८ असताना आईंच्या १०० मिली रक्तात जवळपास १७ मिली ऑक्सिजन होता, आता ११ आहे. ऑक्सिमीटर दोन्ही वेळा ९८च दाखवणार.

किडनी ही तूट ओळखते. तिथल्या सूक्ष्म नलिकांच्या मधल्या जागेत काही पेशी असतात, ईपीओ त्या बनवतात. त्यांच्यात हिफ नावाचं प्रथिन सतत तयार होतं आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांतच नष्ट होतं, कारण त्याच्यावर 'मोडीत काढा' अशी खूण करणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, हिफ साठतं आणि ईपीओचं जनुक चालू करतं. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१९ चं नोबेल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना मिळालं.

आता तुमचा १४. ईपीओचा आकडा एकटा वाचायचाच नसतो. ४ ते २६ ही हिमोग्लोबिन चांगलं असलेल्यांची मर्यादा आहे. किडनी धडधाकट असती आणि फक्त लोह कमी पडून हिमोग्लोबिन ८ वर आलं असतं, तर ईपीओ सहसा शंभराच्या आसपास किंवा वर गेलं असतं. आग लागली असताना बंबवाला रोजच्याच चालीने निघाला, तसा तो १४ आहे.

धागाकर्ती: हे पटलं! पण मग त्या पेशी मेल्या का?

निमवैद्य: बऱ्याचशा जिवंत असतात, पण आजारात त्यांचं रूप पालटतं. त्या व्रणासारखे तंतू बनवायला लागतात आणि ईपीओचं काम सोडतात. दुसरं असं की किडनीचा बहुतेक ऑक्सिजन गाळलेलं मीठ परत शोषून घेण्यात खर्च होतो. गाळणं घटलं की खर्चही घटतो, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन कमी असूनही आजूबाजूला तो पुरेसा आहे असं त्या पेशींना वाटू शकतं. यातला कुठल्या कारणाचा वाटा किती, यावर एकमत नाही. क्षमता पूर्ण जात नाही हे मात्र नक्की: ते खूण करणारं एन्झाइम रोखणाऱ्या गोळ्या दिल्या की डायलिसिसवरच्या रुग्णांचंही ईपीओ वाढतं. त्यात थोडा हात यकृताचाही असतो.

मीनल_क: माझ्या बहिणीचं क्रिएटिनिन याहून जास्त, ४.१ आहे, तरी हिमोग्लोबिन १२.४! तिच्या किडनीत गाठी आहेत, आनुवंशिक. म्हणजे तिचं निदान चुकलं का?

निमवैद्य: नाही, त्या आजारात हे नेहमी दिसतं. पाण्याच्या गाठींलगतच्या पेशी ईपीओ बनवत राहतात. गाठींच्या दाबाने तिथला रक्तपुरवठा अडतो म्हणून, असा अंदाज आहे.

सदाशिवराव: म्हणजे घाणीचा मुद्दा अगदीच बाद?

निमवैद्य: बाद नाही. सूज असली की शरीर लोह कोठारात अडकवून ठेवतं, तेव्हा फेरिटिन चांगलं दिसूनही अस्थिमज्जेला लोह मिळत नाही. ताई, 'लोह व्यवस्थित' म्हणजे फक्त फेरिटिन पाहिलंय की ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही? ते २० टक्क्यांखाली असेल तर इंजेक्शनचा गुण कमी येतो.

धागाकर्ती: रिपोर्टमधे फक्त फेरिटिन आहे, १८०. दुसरी तपासणी सोमवारी विचारते.