अनुभव धागा: क्लायंट म्हणतो ५० टॅग आणि भडक टायटल द्या, तुम्ही काय उत्तर दिलंत?

रात्रीचा_एडिटर

मी फ्रीलान्समधे व्हिडिओ एडिट करतो आणि यूट्यूबवर अपलोड करायचं कामही बघतो. मागच्या महिन्यात एक क्लायंट आले, शिलाई मशीन दुरुस्तीचं चॅनल आहे, माणूस मशीनमधला दर्दी, नुसत्या आवाजावरून सांगतात कुठे बिघडलंय. पण पहिल्याच व्हिडिओला मेसेज आला की कमीत कमी ५० टॅग पाहिजेत आणि टायटल हे ठेवा: "शिलाई मशीनचं हे गुपित कुणीच सांगणार नाही!! १ सेकंदात मशीन नवीन!!" आणि व्हिडिओ कशाचा, तर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो त्याचा.

फोनवर वाद घालण्यापेक्षा मी लिहून उत्तर दिलं, ते जवळजवळ जसंच्या तसं देतोय. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर तुम्ही काय सांगितलंत आणि पुढे काय झालं तेही लिहा.

"नमस्कार सर, मेसेज वाचला. व्ह्यूज वाढले पाहिजेत हे मलाही पटतं, फक्त त्यासाठी वेळ कुठे घालवायचा यावर माझं मत वेगळं आहे.

आधी टॅगचं. यूट्यूबवर सगळे टॅग मिळून ५०० कॅरेक्टरची मर्यादा आहे. 'शिलाई मशीन' एवढंच लिहिलं तरी काना-मात्रा धरून १० होतात, त्यामुळे ५० टॅग भरायचे तर ते तुटक एकेका शब्दाचेच करावे लागतील, आणि 'मशीन', 'दोरा', 'सुई' असे सुटे शब्द लिहून आपला व्हिडिओ कशाचा आहे ते कुणालाच कळत नाही. टॅगचा शोधात फार थोडा वाटा असतो हे यूट्यूबने स्वतःच्या मदतपानावर लिहिलंय, उपयोग होतो तो मुख्यतः लोक एखादा शब्द चुकीच्या स्पेलिंगने टाइप करतात तेव्हा. म्हणून मी ७-८ टॅग देतो, त्यात लोक बॉबिनला 'बोबीन', 'बाॅबीन' असं जे काय लिहितात ते घालतो. उरलेले टॅग डिस्क्रिप्शनमधे ओता म्हणालात तर ते मात्र करणार नाही, तिथे टॅगचा गठ्ठा टाकणं स्पॅमच्या नियमात येतं आणि त्रास झाला तर तुमच्या चॅनलला होईल.

आता टायटल. ज्याचा दोरा खाली गुंततोय तो माणूस मशीनसमोर बसलाय, अर्धवट शिवलेलं कापड हातात आहे, तो 'गुपित' असं शोधत नाही. तो लिहितो 'मशीन खालून दोरा गुंततो'. तुमच्या जुन्या व्हिडिओंच्या स्टुडिओत ट्रॅफिक सोर्समधे यूट्यूब सर्च उघडून मी बघितलं, तिथे लोकांनी टाइप केलेले शब्द दिसतात आणि तिथे हेच आहे, 'खाली गुच्छा होतो', 'खालून दोरा लूज'. म्हणून माझं टायटल: 'मशीनमध्ये खालून दोरा गुंततो? बॉबिन नाही, वरचा दोरा तपासा'. यातही थांबायला लावणारी गोष्ट आहे, कारण गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनकडेच धावतात, आणि कारण बहुतेक वेळा वर असतं हे तुम्हीच व्हिडिओत दाखवलंय. ते खरं आश्चर्य आहे, त्याला १ सेकंदाची जोड नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे बोलायला मला जरा अवघड जातंय पण बोलतो. तुमच्या व्हिडिओत फूट वर करून दोरा ओवायचा हे ६ मिनिटं १० सेकंदांनी येतं. त्याआधी ओळख, मशीनचे प्रकार, सबस्क्राइब करा वगैरे. भडक टायटलने माणूस आत आला आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याला काहीच मिळालं नाही तर तो जातो. मी तो भाग कापून पुढे आणतो: आधी १० सेकंद गुंत्याचा क्लोजअप, लगेच तुमचा हात फूट वर करतोय, दोरा टेन्शनच्या चकत्यांमधे बसतोय, मग पुन्हा शिवून स्वच्छ टीप. कारणं नंतर सविस्तर. एक व्हिडिओ माझ्या पद्धतीने टाकून बघू, चार आठवड्यांनी आकडे दोघं मिळून बघू."

फोटोवाला_७७

५० टॅग म्हणजे जास्त कुठे झाले? मी स्टॉक फोटो विकतो, शटरस्टॉकवर ५० पर्यंत कीवर्ड देता येतात, अॅडोबी स्टॉकला ४९. मी पूर्ण भरतो आणि विक्री होते. तुमचे क्लायंट चूक नाहीत असं मला वाटतं.

रात्रीचा_एडिटर

तुमचं तिथलं बरोबर आहे, पण फोटोला स्वतःचे शब्द नसतात ना, कीवर्डशिवाय तो शोधात येणार कसा. व्हिडिओला टायटल आहे, डिस्क्रिप्शन आहे, बोललेलं आहे आणि लोक किती वेळ बघतात तेही आहे. क्लायंटनी बहुतेक ५० हा आकडा तिकडूनच कुणाकडून तरी ऐकलाय.

फोटोवाला_७७

हां, मी यूट्यूबचं म्हणून वाचलंच नव्हतं. पण आमच्याकडेही एक आहे, अॅडोबी स्टॉकला पहिले १० कीवर्ड जास्त महत्त्वाचे धरतात, त्यामुळे क्रम लावावाच लागतो. मी सुरुवातीला लाटेच्या फोटोला 'आनंद', 'यश' असलं काहीही पुढे टाकायचो, आता 'लाट', 'फेस', 'खडक' पुढे ठेवतो.

सई_कंटेंट

माझा अनुभव उलटा. टॅगमुळे व्हिडिओ दाबला जातो, म्हणून मी सगळ्या क्लायंटचे टॅग काढूनच टाकले. ६० च्या वर गेलं की यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करतं असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

जुनी_खोड

सई, ते ६० हॅशटॅगचं आहे, # लावून टायटल किंवा डिस्क्रिप्शनमधे टाकतो ते. टॅगचा रकाना वेगळा, तिथे ५०० कॅरेक्टरची मर्यादा. दोन्हींना लोक टॅगच म्हणतात म्हणून घोळ होतो आणि क्लायंट '५० टॅग' म्हणतो तेव्हा त्याला नक्की कुठले हवेत हे मी आधी विचारून घेते, निम्म्या वेळा त्यालाही माहीत नसतं. टॅग काढल्याने नुकसान झालं नसेल, पण फायदाही त्यामुळे झालेला नाही.

बारा वर्षं हेच करतेय म्हणून आकड्यांचं एक सांगते, कारण वरच्या पत्रात 'चार आठवड्यांनी आकडे बघू' लिहिलंय आणि भांडण नेमकं तिथे होतं. क्लायंट क्लिकचा टक्का बघतो. भडक टायटलने तो खरंच वाढतो, हे आपण नाकारायचं नाही, नाहीतर आपल्यावरचा विश्वास जातो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायचा, ३० व्या सेकंदाला किती टक्के लोक उरले. रिटेन्शनच्या आलेखाखाली हा आकडा दिसतोच. क्लिक वाढले आणि हा खाली आला तर टायटलने दिलेला शब्द व्हिडिओने पाळला नाही, इतकं सरळ आहे. दोन्ही वाढले तर टायटल कितीही रंगीत असो, ते खरं आहे.

आणि घाई नको. व्हिडिओ जास्त लोकांसमोर जायला लागला की क्लिकचा टक्का आपोआप उतरतो, कारण आधी तुमचे नेहमीचे लोक असतात, मग अनोळखी येतात. एका क्लायंटने हे बघून घाबरून चांगलं चाललेलं टायटल तिसऱ्या दिवशी बदलायला लावलं होतं. यूट्यूबच्याच म्हणण्याप्रमाणे निम्म्या चॅनलचा हा टक्का २ ते १० मधे असतो, म्हणून ४ बघून कुणी रडायचं कारण नाही. थंबनेलची तुलना करायची सोय स्टुडिओत आहे, तीन पर्यंत लावता येतात, आणि विजेता क्लिकवर ठरत नाही, बघितलेल्या वेळेवर ठरतो. मी क्लायंटला हे दाखवते, स्वतः यूट्यूब कशाला जास्त किंमत देतंय ते त्याला दिसतं.

सुईदोरा_मंदा

मला टॅगमधलं कळत नाही पण मशीनचं वाचून आले. माझं मशीन टाके सोडतं, मधे मधे टीपच पडत नाही. फूट वर करून ओवून बघितलं, तरी तसंच. म्हणजे हा उपाय चालत नाही का?

रात्रीचा_एडिटर

मंदाताई, टाके सुटणं आणि खाली गुंता होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाके सुटतात तेव्हा आधी सुई बदला, बोथट किंवा किंचित वाकलेली असते, आणि नवी घालताना पूर्ण वरपर्यंत जातेय आणि सपाट बाजू बरोबर दिशेला आहे ना ते बघा. ताणणाऱ्या कापडाला वेगळी सुई लागते.

तुमचा प्रश्न मी क्लायंटना दाखवणार आहे. 'मशीनचं गुपित' टायटल असतं तर तुम्ही त्यावर गेला असता, सहा मिनिटं बघितलं असतं आणि तुमचा त्रास त्यात नाहीच. टायटलमधे 'खालून दोरा गुंततो' असेल तर तुम्हाला बाहेरूनच कळतं की हे आपलं नाही, आणि 'टाके सुटतात' हा वेगळा व्हिडिओ होतो.

चॅनलमालक_एक

मी क्लायंटच्या बाजूचा आहे, राग मानू नका. मी सायकल दुरुस्तीचे व्हिडिओ करतो. शांत, खरं टायटल ठेवून वर्षभर काढलं, कुणी बघेना. मग 'गिअर लावताना ही एक चूक सगळे करतात' असं केलं आणि लोक आले. त्यात खोटं काही नव्हतं, बहुतेक जण खरंच लिमिट स्क्रू न बघता आधी केबल ताणत बसतात. तुम्ही लोक 'भडक' म्हणून जे फेटाळता त्यात कधी कधी आमची पोटतिडीक असते. मला एडिटरने सांगावं कुठे थांबायचं, नुसतं नको म्हणू नये.

जुनी_खोड

तुमचं टायटल मी पास केलं असतं, 'सगळे'च्या जागी 'बरेच जण' केलं असतं एवढंच. माझी कसोटी अशी की टायटल वाचून बघणारा जो प्रश्न मनात धरतो त्याचं उत्तर व्हिडिओत आहे का आणि लवकर आहे का.

सई_कंटेंट

'बरेच जण' केल्यावर धार जाते पण. इथे माझं अजून पटत नाही, थोडी अतिशयोक्ती सगळ्यांना समजते की.

रात्रीचा_एडिटर

पुढचं सांगतो. क्लायंटचं दोन दिवस उत्तर नाही, मला वाटलं काम गेलं. मग फोन आला, टॅगवर एक शब्द बोलले नाहीत, सगळा राग सुरुवात कापण्यावर. म्हणाले मशीनचे प्रकार सांगितल्याशिवाय दोरा कसा ओवायचा ते शिकवणं त्यांना बरोबर वाटत नाही, शिकवताना ते नेहमी असंच शिकवत आलेत. मला ते कळलं. शेवटी प्रकारांचा भाग व्हिडिओच्या शेवटाकडे नेला आणि डिस्क्रिप्शनमधे वेळा टाकल्या, `0:00` पासून सुरू, कमीत कमी तीन, प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा, तरच चॅप्टर दिसतात:

```
0:00 खाली गुंता असा दिसतो
0:14 फूट वर करून दोरा ओवणे
2:05 तरीही गुंतला तर काय बघायचं
4:40 मशीनचे प्रकार आणि दोऱ्याची वाट
```

टायटल माझं राहिलं, त्यात 'वरचा दोरा' नंतर त्यांनी स्वतः 'आधी' घातलं, 'वरचा दोरा आधी तपासा', आणि ते माझ्यापेक्षा बरोबर आहे, कारण कधी कधी बॉबिनही असतंच. व्हिडिओ परवा गेलाय. पुढच्या व्हिडिओसाठी मात्र '१ सेकंदात' परत मेसेजमधे आलंय, त्याचं उत्तर आज रात्री लिहायचंय.