देअर इज की देअर आर?

> ‘वर्गात एक शिक्षक आणि तीस मुलं आहेत’ हे इंग्रजीत सांगताना देअर इज की देअर आर? आणि काळ बदलला की काय होतं?

इथे ‘देअर इज अ टीचर अँड थर्टी स्टुडंट्स इन द क्लास’ म्हणतात. क्रियापदाला लागून असलेलं पहिलं नाम एकवचनी आहे, म्हणून इज. यादी उलटी करा, म्हणजे ‘थर्टी स्टुडंट्स अँड अ टीचर’, की लगेच आर. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘आंबे, पेरू आणि केळी होती’ यात ते शेवटच्या केळींचं ऐकतं. इंग्रजीत ते यादीच्या आधी येतं, म्हणून पहिल्याचं ऐकतं.

काळ बदलला तरी हाच हिशोब. काल असेल तर ‘देअर वॉज अ टीचर अँड थर्टी स्टुडंट्स’, उलट क्रमात वेअर. तसंच हॅज बीन आणि हॅव बीन. विल बी किंवा हॅड बीन आलं की प्रश्नच मिटतो, कारण ती रूपं वचनानुसार बदलत नाहीत. ‘देअर विल बी’नंतर यादी कशीही लावा.

एक अडचण मात्र आहे. काही कडक व्याकरणवाले अँडने जोडलेल्या नामांना अनेकवचनीच मानतात आणि ‘देअर आर अ टीचर अँड...’ मागतात. कानाला ते खटकतं, पण परीक्षक तसा असू शकतो. म्हणून लेखी उत्तरात मी अनेकवचनी नाम आधी ठेवते. मग आर किंवा वेअर दोन्ही मतांना चालतं. दोन्ही नामं एकवचनी असली, उदाहरणार्थ टेबल आणि खुर्ची, तर ही पळवाट नाही. बोलताना तिथे सर्रास इजच ऐकू येतं.